बोर्डावर ७.४५, पावतीवर ७.२५, मग एफडीचं व्याज नेमकं किती यायला पाहिजे?

प्रश्न: नमस्कार काका, मी वसमतजवळच्या गावातून लिहितेय. मागच्या वर्षी हळदीच्या पट्टीचे ५ लाख रुपये एक वर्षाच्या एफडीला ठेवले, १० जून २०२४ ला. बँकेत बोर्ड होता, "वार्षिक ७.४५ टक्के, तिमाही चक्रवाढ". पावतीवर दर ७.२५ लिहिलाय. मी मोबाईलवर ७.४५ नी तिमाही चक्रवाढ काढलं तर ३८,३०४ येतात, बँकेनी वर्षाचे सगळे मिळून दिले ३६,२५०. म्हणजे २,०५४ कमी. साहेब म्हणतात सिस्टीम चुकत नसते. बँकेला पत्र लिहायचंय, कसं लिहू? मुद्दल सध्या सेव्हिंगलाच पडून आहे.

उत्तर:

ताई, पत्र जरूर लिहा, पण २,०५४ रुपयांचं लिहू नका, ९९७ रुपये ५१ पैशांचं लिहा. बाकीचे १,०५६ रुपये तुमच्या हिशोबातून निघालेत, बँकेनी ते घेतलेले नाहीत, आणि तोच आकडा पत्रात टाकला तर साहेबांना एक ओळीत उत्तर देऊन मोकळं होता येईल की तुमचा हिशोब चुकलाय, आणि खरा प्रश्न तिथंच दबून जाईल. मी नांदेड-परभणी भागात बरीच वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलोय, असली कितीतरी पत्रं एका चुकीच्या आकड्यापायी फाईलला लागलेली बघितलीत, म्हणून आधी आकडा बरोबर करू आणि मग पत्राकडं जाऊ.

बोर्डावरचा ७.४५ आणि पावतीवरचा ७.२५ हे दोन वेगळे दर नाहीत, एकाच दराची दोन तोंडं आहेत. ७.२५ हा मूळ दर, म्हणजे बँक प्रत्यक्षात ज्या दरानी व्याज लावते तो. हेच व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिसळत गेलं की वर्ष संपल्यावर एकूण जेवढी वाढ होते ती ७.४५ टक्के. त्याला बँकवाले यील्ड म्हणतात. म्हणजे ७.४५ मध्ये चक्रवाढ आधीच धरलेली आहे, आणि तुम्ही त्याच्यावर परत एकदा चक्रवाढ लावली, म्हणून ३८,३०४ आले. बोर्डावर "७.४५ टक्के" आणि शेजारी "तिमाही चक्रवाढ" असं लिहिलेलं असलं की कोणीही असंच वाचणार, त्यात तुमची चूक मी मानत नाही, बोर्ड लिहिणाऱ्यानी मूळ दर मोठ्या अक्षरात आणि यील्ड त्याच्या खाली लिहायला पाहिजे होतं.

आता खरा हिशोब तिमाहीनुसार करून बघा, मोबाईलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. ७.२५ ला चारानी भागलं की तिमाहीचा दर १.८१२५ टक्के. पहिल्या तिमाहीत ५ लाखावर ९,०६२.५० रुपये. हे मुद्दलात गेले की दुसऱ्या तिमाहीला ५,०९,०६२.५० वर व्याज लागतं, ते ९,२२६.७६. तिसऱ्या तिमाहीला ९,३९३.९९ आणि चौथ्या तिमाहीला ९,५६४.२६. चारी मिळून ३७,२४७.५१ होतात, आणि ५ लाखावर हे जवळजवळ ७.४५ टक्के पडतात. मोबाईलमध्ये शीट उघडता येत असेल तर एका ओळीत काम होतं:

```
=500000*(1+7.25%/4)^4
```

उत्तर ५,३७,२४७.५१ येईल. बोर्डाप्रमाणं वर्षाच्या शेवटी तुमच्या हातात एवढी रक्कम यायला पाहिजे होती, आणि व्याज आलं ३६,२५०. हा जो ९९७.५१ चा फरक राहतो, तोच तुमचा प्रश्न.

आता ३६,२५० कडं नीट बघा, कारण सगळी गोष्ट त्या आकड्यातच लपलेली आहे. ५ लाखाचे ७.२५ टक्के म्हणजे बरोबर ३६,२५०, ना एक रुपया जास्त ना कमी. म्हणजे दर पूर्ण दिलाय, दिवस पूर्ण धरलेत, फक्त चक्रवाढ झालेली नाही. टीडीएस कापलाय का अशी शंका काही जण घेतील, पण टीडीएस कापला असता तर तो दहा टक्क्यांनी गेला असता, म्हणजे साडेतीन हजाराच्या वर, आणि उरलेला आकडा असा गोल राहिला नसता. शिवाय त्या वर्षी एका बँकेतलं व्याज ४०,००० च्या वर गेलं तरच टीडीएस होता आणि १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ५०,००० झाली, तेव्हा त्या बँकेत तुमची दुसरी ठेव नसेल तर टीडीएसचा इथं संबंध नाही.

मग चक्रवाढ का झाली नाही? आता पासबुक काढा, भरून घेतलेलं नसेल तर आधी मशीनवर भरून आणा, आणि जून २०२४ ते जून २०२५ च्या नोंदी बोट ठेवून बघा. माझा अंदाज असाय की तुम्हाला दर तीन महिन्यांनी ९,०६२ किंवा ९,०६३ रुपयांची जमा दिसेल, १० सप्टेंबर, १० डिसेंबर, १० मार्च आणि १० जूनच्या आसपास. काही बँका कॅलेंडरची तिमाही धरतात, म्हणजे जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च अखेरीला व्याज टाकतात, तिथं जमा पाच असतील आणि रकमा कमी-जास्त दिसतील, पण बेरीज ३६,२५० च येईल. अशा नोंदी सापडल्या तर त्याचा अर्थ तुमची एफडी "तिमाही व्याज" प्रकारात उघडली गेली. त्यात व्याज ठेवीत मिसळत नाही, दर तिमाहीला निघून सेव्हिंगला येतं, आणि जे व्याज ठेवीत राहिलंच नाही त्याच्यावर पुढच्या तिमाहीला व्याज कुठून लागणार. बोर्डावरचा ७.४५ मात्र दुसऱ्या प्रकारासाठी आहे, ज्याला रीइन्व्हेस्टमेंट किंवा क्युम्युलेटिव्ह म्हणतात, व्याज आतच राहतं आणि मुदत संपल्यावर एकदम मिळतं. मूळ दर दोन्हीला एकच, ७.२५, म्हणून पावती बघून फरक पटकन ध्यानात येत नाही.

दर महिन्याला व्याज घेणाऱ्यांना तर तेवढंही मिळत नाही, तेही सांगून टाकतो, कारण गावात बरेच जण घरखर्चाला म्हणून तसं घेतात आणि मग महिन्याचे ३,०२१ का नाही आले म्हणून विचारतात. व्याज बसतं तिमाहीचं, ते आधी द्यायचं म्हणून बँक थोडं कापून देते, तुमच्याच ५ लाखावर महिन्याला साधारण ३,००३ येतील. त्यात बँकेची चूक नसते.

तुमच्या बाबतीत हा प्रकार कोणी ठरवला, खरा मुद्दा हा आहे. काउंटरवर काय होतं ते मी जवळून बघितलंय, सीझनला पट्टीचे पैसे घेऊन दिवसाला तीस-चाळीस माणसं येतात, फॉर्मवर पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या जातात, "इथं, इथं आन् इथं सही करा" म्हणतात, माणूस सही करून पावतीची वाट बघत बसतो, आणि व्याज कसं पाहिजे हा रकाना कोराच राहतो, मग संध्याकाळी कोणीतरी भरतो किंवा सिस्टीममध्ये जो प्रकार हाताला लागेल तो निवडला जातो. निवडताना एक अक्षर इकडचं तिकडं झालं की एफडी दुसऱ्याच प्रकारात उघडते. सिस्टीम चुकत नसते असं साहेब म्हणाले ते एका अर्थानी खरंच आहे, सिस्टीमनी तिला सांगितलेल्या प्रकाराचं व्याज बिनचूक दिलंय, पण तिला सांगणारा माणूसच होता.

म्हणून पावती परत एकदा वाचा. पावतीवर "मॅच्युरिटी व्हॅल्यू" किंवा "मुदतीअंती देय रक्कम" असा एक रकाना असतोच. तिथं ५,३७,२४८ च्या जवळचा आकडा छापलेला असेल तर तुमची बाजू एकदम पक्की, बँकेनी लेखी कबूल केलेली रक्कम दिलेली नाही, आणि मग फॉर्म बघायचीही फार गरज नाही. तिथं नुसते ५,००,००० असतील तर एफडी पहिल्या दिवसापासून तिमाही व्याजाची होती आणि ते पावतीवरच लिहिलेलं होतं, मग सगळं तुमच्या अर्जावर येऊन थांबतं, त्यात तुम्ही किंवा तुमच्यासमोर कोणी कोणता प्रकार भरला होता. अर्जावर रीइन्व्हेस्टमेंट असेल तर बँकेची चूक, तिमाही व्याज असेल आणि खाली तुमची सही असेल तर पैसे परत मिळायची आशा मी तुम्हाला लावणार नाही. रकाना कोरा असेल तर प्रकार बँकेनी आपल्या मनानी निवडला, आणि तो कुणाच्या सांगण्यावरून निवडला हे त्यांना सांगावं लागेल.

आणि पासबुकात मधल्या जमा नाहीतच, १० जून २०२५ ला एकदम ३६,२५० पडलेत असं निघालं तर? मग ते तिमाही व्याज नव्हे, वर्षभर पैसा आत ठेवून सरळव्याज दिल्यासारखं झालं, आणि बोर्डावर तिमाही चक्रवाढ लिहून असं दिलं असेल तर ९९७.५१ पूर्ण मागायचे, तिथं मागंपुढं बघायचं नाही.

तिमाही जमा सापडल्या तर मागताना एक प्रामाणिकपणा मात्र ठेवा. ते ९,०६२ रुपये तीन-तीन महिन्यांनी तुमच्या सेव्हिंगला आले, आणि तुम्ही ते उचलले नसतील तर त्यांच्यावर सेव्हिंगचं व्याज मिळालेलं आहे. पहिली जमा नऊ महिने राहिली, दुसरी सहा, तिसरी तीन, समजा सेव्हिंगचा दर अडीच टक्के, तर सगळे मिळून ३४० रुपयांच्या आसपास झाले. म्हणजे तुमचं निव्वळ नुकसान साधारण ६५८ रुपयांचं. हे पत्रात आपणहून लिहा. काउंटरपलीकडच्या माणसाला कळतं की ही बाई हिशोब करून आलीय, आणि मग उडवाउडवीची भाषा बंद होते, हे मी स्वतः त्या खुर्चीत बसून अनुभवलंय.

पत्र असं लिहा, पासबुक बघून जे लागू नसेल ते खोडा:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: मुदत ठेव क्रमांक ____ वरील व्याजाबाबत.

महोदय, मी दि. १० जून २०२४ रोजी आपल्या शाखेत ५,००,००० रुपये एक वर्षाच्या मुदतीनं ठेवले. पावतीवर व्याजदर ७.२५ टक्के आहे. त्या वेळी शाखेतल्या फलकावर तिमाही चक्रवाढीसह वार्षिक ७.४५ टक्के असं लिहिलेलं होतं. ७.२५ टक्के दरानं तिमाही चक्रवाढ केल्यास एक वर्षाचं व्याज ३७,२४७.५१ रुपये होतं. मला एकूण ३६,२५० रुपये मिळाले, म्हणजे ९९७.५१ रुपये कमी. मिळालेली रक्कम ७.२५ टक्के सरळव्याजाइतकी आहे, म्हणजे व्याज ठेवीत मिसळलं गेलेलं नाही असं दिसतं. मी तिमाही व्याज मागितलेलं नव्हतं.

कृपया मला पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: ही ठेव कोणत्या प्रकारात उघडली गेली, माझ्या सहीच्या मूळ अर्जाची प्रत, आणि व्याजाचा तारीखवार हिशोब. अर्जात पुनर्गुंतवणूक प्रकार निवडलेला असल्यास, किंवा तो रकाना कोरा असल्यास, फरकाची रक्कम माझ्या बचत खात्यात जमा करावी. तिमाही जमा झालेल्या रकमांवर बचत खात्यात मिळालेलं व्याज त्यातून वजा करण्यास माझी हरकत नाही. सोबत पावतीची व पासबुकाची झेरॉक्स जोडली आहे."

एवढंच. "मी तिमाही व्याज मागितलेलं नव्हतं" हे वाक्य खरं असेल तरच ठेवा, आठवत नसेल तर "मागितल्याचं मला आठवत नाही" असं लिहा, कारण अर्जाची प्रत समोर आली आणि त्यावर तुमच्याच हातचं काही निघालं तर अख्खं पत्र खोटं पडतं. रागाचं, फसवणुकीचं, कोर्टाचं त्यात काही टाकू नका, पहिल्या पत्रात त्यानी काम होत नाही. पावती मोडून नवीन करताना बँक जुनी पावती परत घेते, तेव्हा झेरॉक्स आधी काढून ठेवा, आणि बोर्डाचा फोटो किंवा त्या वेळचं पत्रक कुणाकडं असेल तर तेही जपा.

पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर तारीख, शिक्का आणि सही घेऊन ती घरी आणा. घेणारा "ठेवून जा, बघतो" म्हणाला तर शांतपणे सांगा की पोच लागेल, आणि तरी दिली नाही तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानी पाठवा आणि पोहोचल्याची पोच मागून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं पण त्यात अर्जाची प्रतही नाही आणि हिशोबही नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, cms.rbi.org.in वर, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि तिथं ही पोच असलेली प्रत अपलोड करावी लागते, म्हणून शिक्क्यासाठी एवढा जीव काढतोय. बँकेकडं आधी लेखी न जाता सरळ तिकडं गेलात तर तक्रार परत येते.

एक गोष्ट तपासून घ्या, मनात आल्याशिवाय राहत नाही. तुम्ही "बँक" म्हणताय ती बँकच आहे ना, का पतसंस्था किंवा मल्टिस्टेट सोसायटी? आपल्याकडं बोलताना सगळ्यालाच बँक म्हणतात. पतसंस्था असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिथं चालत नाही, सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात जावं लागतं, मल्टिस्टेट असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडं. आणि बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जो विमा असतो तो तिथं नसतो, तेव्हा ९९७ रुपयांच्या आधी मुद्दलाची काळजी करावी लागेल.

शेजारीपाजारी कुणी पाच वर्षांच्या एफडीचा "८.६५ टक्के" असा बोर्ड दाखवला तर भुलू नका, हेही याच दराचं तिसरं तोंड आहे. ७.२५ नी पाच वर्षं तिमाही चक्रवाढ केली की ५ लाखाचे ७,१६,१३० होतात, वाढ झाली ४३.२३ टक्के, तिला सरळ पाचानी भागलं की ८.६५ च्या जवळ येतं. आकडा खोटा नाही, पण दर वर्षी ८.६५ नी पैसा वाढतो असा त्याचा अर्थ बिलकुल नाही, खरी वार्षिक वाढ तीच ७.४५. मुदत जितकी लांब तितका हा आकडा फुगतो. बोर्डावर काहीही असो, काउंटरवर एवढंच विचारायचं, "पावतीवर कोणता दर छापून येईल?"

आता पडून असलेल्या ५ लाखांचं. पत्राच्या उत्तराची वाट बघत ते सेव्हिंगला ठेवू नका, व्याजाचा तो वाद वेगळा चालू द्या. रिझर्व्ह बँकेनी २०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून रेपो दर एक टक्क्यानी उतरवलाय, त्यामुळं एफडीचे दर खाली आलेत, मागच्या वर्षीचा ७.२५ आता मिळेलच असं नाही. समजा ६.६० मिळाला, तर वरच्या ओळीत 7.25% च्या जागी 6.60% टाका, ५,३३,८२६ येतील. हा आकडा कागदावर लिहून बँकेत जा, फॉर्मवर व्याजाच्या रकान्यात स्वतःच्या हातानी "व्याज मुदतीअंती, ठेवीतच मिसळावे" असं लिहा, मगच सही करा, भरलेल्या फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढा, आणि पावती हातात आली की काउंटर सोडायच्या आधी मॅच्युरिटीच्या रकान्यातला आकडा तुमच्या कागदाशी लावून बघा. पाच-पन्नास पैशांचा फरक राउंडिंगचा असतो, तो सोडा. तिथं नुसते ५,००,००० दिसले तर पावती त्याच मिनिटाला परत करा, त्या दिवशी बदलून मिळते, वर्षभरानी त्यासाठी पत्र लिहावं लागतं.